पाना लावण्याआधीचं पत्र

समजा, चिपळूणजवळ एका कारचा पुढचा भाग ठोकला गेला. विमा कंपनीच्या यादीतलं गॅरेज दूर, ओळखीचं गॅरेज गावातच. तिथे दुरुस्ती करता येते, पण बंपर खोलण्याआधी कंपनीला पत्र गेलं पाहिजे. सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी तुटका भाग भंगारात गेला, तर नुकसान दाखवायचं कशावर?

पत्रात पॉलिसी आणि गाडीचा नंबर, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण आणि हेच गॅरेज का, हे लिहावं. शेवटी स्पष्ट वाक्य हवं: ‘काम सुरू केलेलं नाही; सर्व्हेअर पाठवून लेखी मंजुरी द्यावी.’

फोटोंपैकी किमान एकात नंबरप्लेट आणि मोडलेला बंपर एकत्र दिसावा. नुसत्या चिरेचा जवळून काढलेला फोटो कुठल्याही गाडीचा असू शकतो.

एस्टिमेटमध्ये पार्ट, मजुरी आणि रंगकाम वेगवेगळं मागावं. प्लास्टिकचा बंपर ८,००० रुपयांचा असेल, तर साध्या पॉलिसीत घसाऱ्यापोटी निम्मे कापले जातात. काचेवर घसारा नसतो. सगळं एकाच आकड्यात कोंबलं की ही कपात तपासताच येत नाही.

मंजुरीनंतरही बिल आधी मालकच भरतो. कंपनीचे पैसे नंतर खात्यात येतात.