स्टिकरवर ५८०, आत काय?

जुन्या बाजारात ‘आरएक्स ५८०, ८ जीबी’ असं ग्राफिक्स कार्ड स्वस्तात मिळत असेल, तर स्टिकर बाजूला ठेवून आतली चिप तपासा. एएमडीच्या २०१७ सालच्या मूळ आरएक्स ५८०मध्ये २३०४ शेडर असतात. शेडर म्हणजे गेममधलं दृश्य उभं करण्याचं गणित करणारे बारीक घटक. २०१८ साली कंपनीनेच चीनच्या बाजारासाठी ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ हे कार्ड काढलं. त्यात शेडर २०४८, म्हणजे नववा हिस्सा कमी. नाव ५८०चं असलं तरी ताकद ५७०ची. जाहिरातीत ‘२०४८एसपी’ गाळलं, की गिऱ्हाईक फसतं.

म्हणून कार्ड चालू पीसीवर लावूनच बघायला मागा आणि GPU-Z हा मोफत प्रोग्रॅम उघडा. नुसत्या नावावर जाऊ नका, कारण कार्डाचं बायोस बदलून नाव बदलता येतं. Shaders या चौकटीतला आकडा वाचा. नावाआधी [FAKE] दिसलं, तर तिथूनच परत फिरा. जुनाट चिपला नव्या कार्डाचं नाव चिकटवलेलं असतं तेव्हा हा प्रोग्रॅम तसं दाखवतो.

आता वापराचं. इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ला बंद झालं, तोवर ही कार्डं त्यासाठी रात्रंदिवस राबत होती. मायनिंगचं कार्ड सरसकट वाईट, हे मला पटत नाही. बरेच मायनर वीज वाचवायला चिपचं व्होल्टेज उतरवून ठेवत. खरा ताण पडे तो मेमरीवर आणि पंख्यांवर. शिवाय मेमरी जोरात पळावी म्हणून बायोसमध्ये फेरफार केलेले असत. असं बायोस तसंच राहिलं असेल, तर विंडोजमध्ये एएमडीचा ड्रायव्हर अनेकदा नीट चढतच नाही. ‘ड्रायव्हर घरी टाकून घ्या’ असं दुकानदार म्हणाला, तर ऐकू नका. समोरच टाकायला लावा.

मग Superposition सारखी चाचणी अर्धा तास चालवा आणि बाजूला HWiNFO उघडून GPU Memory Errors ही ओळ बघत राहा. आकडा शून्यावरून चढू लागला किंवा पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन उमटले, तर मेमरी थकली आहे किंवा तिला झेपणार नाही इतकी पळवली आहे. कार्ड बंद करून पंख्याचं पातं बोटाने हलकेच हलवा. ते डुगडुगत असेल, तर बेअरिंग झिजलं आहे. पंखा बदलता येतो, मेमरी घरी बदलता येत नाही.

कार्ड एकूण किती तास चाललं, याची नोंद मात्र कार्डात कुठेच नसते. त्यामुळे चाचणीतून आजची तब्येत कळते, उरलेलं आयुष्य कळत नाही.

समजा, आकडा २०४८ निघाला, मेमरीची चूक एकही नाही, पण एक पंखा डुगडुगतो. फुल एचडी पडद्यावर मध्यम सेटिंगला जुने गेम खेळायचे असतील, तर हे कार्ड पुरेसं आहे. फक्त भाव ५७०चा द्या, आणि त्यातून पंख्याचे पैसे वजा करा.