कप फुटतो, तेव्हा कागदावर काय काय लिहायचं

सीन ४. बाह्य. आप्पांचं अंगण. संध्याकाळ.

पाऊस नुकताच थांबलाय. आप्पा सायकलवरून येतात, भिजलेले. कॅरिअरला प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला रेडिओ. ते तो ओट्यावर ठेवून कागद सोडू लागतात.

सुमन : एवढ्या पावसात कशाला निघालात? थांबायचं होतं की तिथंच.

आप्पा बटण फिरवतात. खरखर. मग गाणं. सुमन चहाचा कप पुढे करते. कप आप्पांच्या हातातून निसटतो, फुटतो.

हा सीन उदाहरणासाठी रचला आहे, पण लघुपटांच्या संहितांमध्ये असे सीन नेहमी असतात. सात सीन, आठ पानं, चित्रीकरणाचे दोन दिवस आणि हाताशी आठ-दहा माणसं, एवढाच पसारा धरू. गोष्ट साधी आहे. आप्पांचा रेडिओ बंद पडतो, ते तो तालुक्याला दुरुस्तीला नेतात आणि भिजत परत येतात. ही संहिता वाचायला पंधरा मिनिटं लागतात. ती चित्रीकरणाला उतरवायची तर सहायक दिग्दर्शकाला ती आणखी एकदा, वेगळ्या नजरेनं वाचावी लागते. प्रत्येक सीनमध्ये कोणती वस्तू, कोणते कपडे, कोणतं वाहन आणि कोणता आवाज लागणार हे खुणा करून वेगळं काढायचं असतं. सेटवर सगळे याला ब्रेकडाउन म्हणतात.

पद्धत जुनी आहे आणि आजही कागदावर चालते. रंगीत पेन्सिली घ्यायच्या. पात्रांखाली लाल रेघ, प्रॉप्सखाली जांभळी, वाहनं आणि प्राण्यांना गुलाबी, आवाजांना तपकिरी. कपड्यांच्या उल्लेखाभोवती गोल. मग सीनमागे एक स्वतंत्र पान करून त्या त्या रकान्यात सगळं उतरवायचं. पानाच्या माथ्यावर सीन क्रमांक, आत की बाहेर, दिवस की रात्र, गोष्टीतला कितवा दिवस आणि सीनची लांबी. लांबी पानाच्या आठव्या भागांत मोजतात, म्हणजे आपला सीन ४ साधारण तीन अष्टमांश. एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट असा ठोकताळा असतो, पण तो इंग्रजी संहितेच्या ठरावीक मांडणीवर बेतलेला आहे. आपल्याकडे पुष्कळ जण डावीकडे दृश्य आणि उजवीकडे संवाद अशा दोन रकान्यांत लिहितात, तिथे तो लागू पडत नाही. अशा वेळी घड्याळ लावून सीन मोठ्यानं वाचावा.

शब्दांखाली रेघा ओढणं कोणालाही जमतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं, कारण एका रकान्यातली नोंद दुसऱ्या रकान्यात नवी गरज उभी करते आणि ती गरज संहितेत कुठेच लिहिलेली नसते.

कपापासून सुरुवात करू. प्रॉप कशाला म्हणायचं याचा नियम सोपा आहे. नट ज्याला हात लावतो ते प्रॉप, जे नुसतं दिसतं ती सजावट. ओट्यावरची तुळशीची कुंडी सजावटीत जाते, कप प्रॉप्समध्ये. पण हा कप फुटणार आहे. लांबून एकदा आणि जवळून एकदा असे दोनच शॉट धरले, तरी प्रत्येकाचे तीन-चार टेक होऊ शकतात. म्हणजे एकसारखे आठ कप हवेत. सीन १ मध्ये आप्पा सकाळचा चहा याच कपातून पितात, तेव्हा तिथेही हाच नमुना आला. म्हणून तालुक्याच्या बाजारात डझनभर एकाच नमुन्याचे मिळतील असेच कप निवडायचे. दिग्दर्शकाला आजीच्या कपाटातला एकुलता एक सुंदर कप आवडला असेल, तर त्याला इथेच नाही म्हणावं लागतं.

कपात चहा आहे. दुधाच्या चहावर थोड्या वेळात साय धरते आणि जवळच्या शॉटमध्ये ती दिसते, म्हणून दर टेकला चहा नव्यानं ओतायचा. कप निसटला की चहा आप्पांच्या पायजम्यावर उडणार, म्हणजे प्रॉप्सच्या रकान्यातून आपण कपड्यांच्या रकान्यात आलो. फुटलेल्या तुकड्यांजवळ सुमन अनवाणी उभी असेल तर तिच्या पायाचं काय? तिला चपला घालायच्या की तिची जागा बदलायची, हे आधी ठरवून लिहून ठेवायचं. शिवाय सीन ५ मध्ये, रात्री, सुमन हेच तुकडे गोळा करते. तेव्हा शेवटच्या टेकनंतर तुकडे झाडून टाकायचे नाहीत, डब्यात भरून ठेवायचे, ही नोंद सीन ४ च्या पानावर हवी. ती सीन ५ च्या पानावर सापडली, तर तोवर अंगण स्वच्छ झालेलं असतं.

कपडे सीनप्रमाणे मोजायचे नसतात, गोष्टीतल्या दिवसांप्रमाणे मोजायचे असतात. आपली गोष्ट दोन दिवसांत घडते. सीन १ ते ४ मध्ये आप्पांच्या अंगावर एकच शर्ट-पायजमा, ५ मध्ये रात्रीचा बनियन, ६ आणि ७ मध्ये दुसऱ्या दिवसाचे कपडे. कागदावर तीनच बदल दिसतात. पण पहिल्या जोडाला पाऊस लागतो. चित्रीकरण गोष्टीच्या क्रमानं होत नाही. अंगणाचा सीन पहिल्या दिवशी आणि रेडिओच्या दुकानातला कोरडा सीन दुसऱ्या दिवशी असेल, तर ओला झालेला, चहा सांडलेला जोड रात्रीत धुऊन वाळेल याच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून तोच जोड तिनदा लागतो. एक कायम कोरडा ठेवायचा आणि दोन भिजवायला. तिन्ही सारखेच जुने दिसले पाहिजेत, म्हणून नवे आणून चार-पाच वेळा धुवायचे. ड्रेसदादांना हे आठवडाभर आधी कळायला हवं.

आता ओला शर्ट पुन्हा रकाना ओलांडतो. छातीवर कपड्याआड लावायचा छोटा माइक ओल्या, अंगाला चिकटलेल्या शर्टात लपत नाही, आणि पाणी लागलं तर बिघडतो. म्हणजे या सीनमधला आप्पांचा आवाज दांडीवरच्या माइकनंच घ्यावा लागणार. तो जवळ आणायचा तर कॅमेऱ्याची चौकट फार रुंद ठेवता येत नाही. शर्टाच्या नोंदीपासून निघून आपण शॉट कसा घ्यायचा इथपर्यंत पोहोचलो.

वाहनांच्या रकान्यात वरवर एकच सायकल आहे. नटाला कॅरिअरवर वजन बांधून चिखलात ती चालवता येते का, हे विचारून लिहायचं. रेडिओ कशानं बांधलाय हे लेखकानं सांगितलेलं नाही. जुन्या ट्यूबची पट्टी चांगली, एका हातानं सुटते आणि खरीही वाटते. ती प्रॉप्समध्ये लिहायची.

पण सीन ४ नीट समजायला सीन ३ वाचावा लागतो. तिथे लेखकानं सहज एक वाक्य लिहिलं आहे : मागून एस. टी. चिखल उडवत जाते. या सबंध लघुपटातलं हे सगळ्यांत महाग वाक्य असावं. बस भाड्यानं मिळवणं, परवानगी, चालक, रस्ता थांबवणं आणि दर टेकला तिला मागे नेणं, एवढं सगळं दोन दिवसांच्या चित्रीकरणात बसत नाही. ब्रेकडाउन करताना लेखकाला विचारायचं, बस दिसायला हवी की कळायला? कळणं पुरेसं असेल, तर ती गुलाबीतून तपकिरी रकान्यात जाते. मागून हॉर्न, इंजिनाची घरघर, बादलीभर चिखलाचा सपकारा, आणि आप्पांच्या चेहऱ्यावरून सरकणारा उजेड. प्राण्यांचंही असंच आहे. गोठ्यातली म्हैस चित्रीकरणात वापरायची तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते, नुसती हंबरायची असेल तर तिचा आवाज पुरतो.

बस गेली तरी चिखल राहिला. सीन ४ मध्ये चिखलाचा शब्दही नाही, पण आप्पा अंगणात येतात तेव्हा पायजम्याच्या उजव्या पायावर तो हवा. डाग कुठवर होता याचा फोटो काढून त्या सीनच्या पानाला जोडायचा. सीन ४ आधी चित्रित होणार असेल, तर डाग इथे ठरेल आणि सीन ३ मधला सपकारा त्याच बाजूनं यावा लागेल.

छोट्या चित्रपटांत आवाजाचा रकाना बहुधा रिकामा राहतो, म्हणून त्याच्यावर मी जास्त वेळ घालवते. त्याचे तीन भाग करावेत. पहिला, जागेवरच मिळायला हवा तो आवाज, इथे सुमनचं वाक्य. ती बोलते त्याच वेळी आप्पा प्लास्टिक सोडताहेत, आणि प्लास्टिकच्या कुरकुरीत ते वाक्य बुडेल. कागद हातानं चुरगाळून मऊ करून घ्यायचा, किंवा तिचं वाक्य संपल्यावर आप्पांनी हात घालायचा. दुसरा भाग, कॅमेरा बंद करून वेगळे ध्वनिमुद्रित करायचे आवाज. सायकलचा स्टँड, बटणाचा खटका, पन्हाळीतून ठिबकणारं पाणी, कपाचं फुटणं. त्यासाठी एक जादा कप, म्हणजे प्रॉप्सच्या आठात आणखी एक. शेवटी सगळ्यांनी गप्प उभं राहून मिनिटभर नुसत्या अंगणाचा आवाज घ्यायचा. संकलनात दोन वाक्यांमधली फट तोच भरतो.

तिसरा भाग नंतर घालायच्या आवाजांचा, आणि रेडिओ त्यातच येतो. सेटवर रेडिओ खरंच वाजवला आणि त्यावर संवाद घेतला, तर संकलनात कट मारताच गाणं तुटतं. म्हणून प्रॉपचा रेडिओ मुका असावा, फक्त डायलचा दिवा लागावा. गाणं कुठलं, हा प्रश्नही आजच विचारायचा. जुनं गाणं मोकळं असतं हा समज बरोबर नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो, तर शब्द आणि चाल यांचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. मुद्रण मोकळं झालेल्या गाण्याचा कवी किंवा संगीतकार अलीकडेपर्यंत हयात असू शकतो. लघुपट महोत्सवाला पाठवायचा तर हक्कांचे कागद मागितले जातात. त्यापेक्षा गाण्याऐवजी स्वतः लिहिलेले बाजारभाव एखाद्या मित्राच्या आवाजात वाचून घ्यावेत. आप्पांच्या रेडिओवर कांद्याचा भाव लागला तरी सीन तेवढाच उभा राहतो, कदाचित जास्त.

जागेवर कोणते आवाज नकोत, हेही याच रकान्यात लिहायचं. शेजारची पिठाची गिरणी संध्याकाळी किती वाजता सुरू होते हे गावात विचारल्याशिवाय कळत नाही.

सगळ्या सीनची पानं झाली की ती आडवी वाचायची, म्हणजे एकेक वस्तू धरून सातही सीनमधून जायचं. रेडिओ सीन १ मध्ये फळीवर आहे, २ मध्ये पाठ उघडलेला, ४ मध्ये गुंडाळलेला, ६ मध्ये वाजतोय. दुकानात उघडायला तसाच दुसरा रेडिओ मिळत नसेल, तर सीन २ सगळ्यांत शेवटी घ्यायचा. वेळापत्रकातला पहिला पक्का निर्णय असा एका रेडिओवरून होतो. दुसरा सीन ४ मुळे. तीन अष्टमांश पान, पण अंगण ओलं करायचं, कपडे बदलायचे, तुकडे उचलायचे आणि संध्याकाळचा उजेड थोडाच वेळ. याला दुपारी तीनपासूनचा सगळा वेळ राखायचा आणि कप फुटण्याचे शॉट शेवटी ठेवायचे.

मग प्रत्येक नोंदीपुढे एक नाव आणि एक तारीख. कप कोण आणणार, पाण्याचा पाइप कोणाच्या विहिरीवरून, ट्यूबची पट्टी कोणाकडे. लेखकानं आदल्या रात्री संहिता बदलली, तर पानावर नवी तारीख टाकून त्या सीनचं ब्रेकडाउन पुन्हा करायचं आणि त्या सीनमधल्या वस्तू आणखी कुठे येतात ते परत पाहायचं. आप्पांना चहाऐवजी पाणी द्यायचं ठरलं, तर सीन ४ मधला पायजम्यावरचा चहाचा डाग जातो, सीन ५ मधले तुकडे कपाचे की काचेच्या पेल्याचे हे बदलतं, आणि डझनभर कप सीन १ पुरते एकावर येतात.