शेवटची दोन मिनिटं, एकच मागणी

मूट कोर्टात पंधरा मिनिटं सफाईनं बोललेला विद्यार्थी बरेचदा एका साध्या प्रश्नावर अडकतो. बेंचवरून विचारणा होते, ‘समजा, तुमचं सगळं मान्य केलं. आम्ही आदेश नेमका काय काढायचा?’ उत्तर येतं, ‘माझ्या अशिलांना न्याय द्यावा.’ या उत्तरावर न्यायाधीशाला एक ओळही लिहिता येत नाही. कोणी, काय, कधीपर्यंत करायचं, हे त्यात कुठेच नसतं.

कायद्याच्या अभ्यासक्रमात मूट कोर्ट सक्तीचं आहे. विद्यार्थी लेखी निवेदन म्हणजे मेमोरियल सादर करतो आणि मग बेंचपुढे तोंडी युक्तिवाद करतो. इथे साक्षीदार नसतात, उलटतपासणी नसते. मूट प्रॉब्लेममध्ये दिलेल्या घटना दोन्ही बाजूंना बांधील असतात. वाद असतो तो कायद्याचा. त्यामुळे समारोपात सिनेमातल्या वकिलासारखं टेबलावर हात आपटण्याला अर्थ नसतो. ‘या माणसांची मुलं उपाशी आहेत’ असं एखादा विद्यार्थी भावनेच्या भरात बोलून जातो. ‘हे प्रॉब्लेमच्या कोणत्या परिच्छेदात आहे?’ असं बेंचने विचारलं की समारोप तिथेच कोसळतो.

जाणते विद्यार्थी म्हणूनच उलट्या बाजूने तयारी करतात. आधी विनंती लिहायची, तिला लागणारे मुद्दे तेवढेच ठेवायचे, भाषण सगळ्यात शेवटी बांधायचं. हे कसं करतात ते एका कल्पित प्रकरणावरून पाहू.

मुंबईतल्या एका स्टेशनबाहेर चाळीस फळविक्रेते बसतात. पथविक्रेत्यांच्या 2014 च्या कायद्यानुसार व्हायला हवं ते सर्वेक्षण महापालिकेने केलेलं नाही. एका रात्री नोटीस न देता पालिकेने त्यांच्या हातगाड्या उचलून नेल्या. पालिकेचा आधार आहे मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम 314. रस्त्यावरचं अतिक्रमण विनानोटीस हटवण्याचा अधिकार हे कलम देतं. विक्रेते रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयात आले आहेत.

पहिल्या मसुद्यात विद्यार्थी सहसा पाच मागण्या करतात. त्याच जागी कायम धंदा करू द्यावा, नुकसानभरपाई द्यावी, अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, गाड्या परत द्याव्यात आणि सर्वेक्षण होईपर्यंत हटवू नये. यातली पहिली टिकत नाही, कारण पथविक्रीच्या परवानगीतून जागेवर मालकी येत नाही, असं हाच कायदा सांगतो. भरपाईसाठी किती माल गेला, त्याची किंमत किती, याचा पुरावा लागतो आणि प्रॉब्लेममध्ये तो आकडाच नाही. कारवाईच्या मागणीने बेंचचं लक्ष मूळ प्रश्नावरून उडतं. उरतात शेवटच्या दोन, आणि त्या एकाच आदेशात बसतात. कलम 3(3) म्हणतं की सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्व विक्रेत्यांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही हटवता येणार नाही. मागणी कायद्याच्या शब्दांना जितकी चिकटून, तितकी ती नाकारणं अवघड.

या प्रकरणात प्रत्येक विद्यार्थी ओल्गा टेलिस खटल्याचा आधार घेतो. 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण पूर्ण निकाल न वाचता हे वाक्य फेकणं धोक्याचं आहे. त्याच निकालात न्यायालयाने कलम 314 वैध ठरवलं आणि फूटपाथवरच्या झोपड्या हटवायला मुभा दिली. फक्त पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, त्या पाडू नयेत असं सांगितलं. तत्त्व रहिवाशांच्या बाजूचं होतं, पण झोपडी किती दिवस टिकणार ते आदेशाने ठरलं. शिवाय विरुद्ध बाजू हाच निकाल वाचून दाखवते. तेव्हा हा खटला पाया म्हणून वापरावा आणि मुख्य भार 2014 च्या कायद्यावर टाकावा. तो ओल्गा टेलिसच्या वेळी अस्तित्वातच नव्हता.

दुसरा सापळा 2024 च्या निकालाचा. पाडकामापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने त्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असतं. पण रस्ता, फूटपाथ अशा सार्वजनिक जागांवरच्या अनधिकृत बांधकामांना ते निर्देश लागू नाहीत, असं त्याच निकालात आहे. समारोपात हे नाव घेतलं की विरोधकाला आयतं कोलीत मिळतं.

आता प्रत्यक्ष समारोप:

‘माननीय न्यायालयाच्या परवानगीने समारोप करते. तीन गोष्टींवर दोन्ही बाजूंचा वाद नाही. याचिकाकर्ते पथविक्रेते आहेत. सर्वेक्षण झालेलं नाही. नोटीसही दिलेली नाही. ही जागा कायमची आमची, असा आमचा दावा नाही. फूटपाथवर पादचाऱ्यांचा हक्क आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण विक्री कुठे व्हावी आणि कुठे होऊ नये, हे ठरवण्याचा क्रम संसदेने आखून दिला आहे. आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, आणि त्यानंतरही हटवायचं असेल तर कलम 18 प्रमाणे तीस दिवसांची नोटीस. पालिकेने पहिली पायरीच चढलेली नाही. कलम 314 चा आधार इथे पुरत नाही, कारण विसंगती असेल तिथे 2014 चा कायदा वरचढ ठरतो, असं तो कायदाच सांगतो. म्हणून विनंती एकच. प्रतिवादी महापालिकेने याचिकाकर्त्यांच्या हातगाड्या परत कराव्यात आणि कलम 3 खालील सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत त्यांना हटवू नये, असा आदेश व्हावा.’

एवढं बोलायला दीड मिनिट लागतं. यात नवा मुद्दा नाही, नवा खटला नाही. पादचाऱ्यांचा हक्क विद्यार्थिनीने स्वतःहून मान्य केला, त्यामुळे पालिकेचा सर्वांत जोरकस मुद्दा निष्प्रभ झाला. मागणी मर्यादित असल्याचंही बेंचला दिसलं.

तरी एक प्रश्न येणारच: ‘पालिकेने दहा वर्षं सर्वेक्षण केलंच नाही तर? तुम्ही तोवर बसूनच राहणार?’ इथे गप्प राहिलं तर मागणी अमर्याद वाटते. तयार उत्तर असं: ‘सर्वेक्षणासाठी न्यायालयाने मुदत घालून द्यावी. सहा महिन्यांची मुदत आम्हाला मान्य आहे.’ म्हणजे विनंती तीच राहिली, फक्त तिला शेवट मिळाला.

आपली विनंती पक्की आहे का, हे घरीच तपासता येतं. प्रकरण माहीत नसलेल्या मित्राला शेवटचं वाक्य ऐकवावं आणि कोणी, काय, कोणासाठी, कधीपर्यंत करायचं ते त्याच्याकडून लिहून घ्यावं. एकही रकाना रिकामा राहिला तर वाक्य पुन्हा लिहावं. प्रतिवादीच्या वकिलालाही हे लागू आहे. ‘याचिका फेटाळावी’ एवढ्यावर न थांबता, ‘पर्यायाने, नाशवंत मालाच्या गाड्या परत देऊन कारवाई कायम ठेवावी’ अशी दुसरी पायरी त्याने तयार ठेवलेली बरी.

आणि वेळ संपल्याचं कार्ड कोर्ट क्लार्कने अर्ध्या वाक्यात दाखवलं, तर उरलेला मुद्दा घाईघाईने दामटू नये. तो मेमोरियलमध्ये लिहिलेला असतोच. ‘थेट विनंतीकडे वळण्याची परवानगी असावी’ असं म्हणावं. बेंच सहसा ती देतं, आणि पाठ केलेलं ते एक वाक्य पूर्ण बोलता येतं.