आधी कर्ज, मग वाटल्यास शेअर

परिवर्तनीय रोखा हे कर्जच. फक्त ते ठरलेल्या प्रमाणात शेअरमध्ये बदलता येते. या मुभेपोटी गुंतवणूकदार कमी व्याज स्वीकारतो.

टेस्लाने २०१४ मध्ये असे रोखे अवघ्या ०.२५ टक्के व्याजाने विकले. रूपांतराचे प्रमाण होते हजार डॉलरमागे २.७७८८ शेअर. हजारला या आकड्याने भागले की रूपांतराची किंमत निघते : ३५९.८७ डॉलर.

शेअर ४०० डॉलरवर गेला असता, तर हजाराच्या रोख्याचे सुमारे १,११२ डॉलर झाले असते. ३०० डॉलरला मात्र तेच शेअर जेमतेम ८३४ डॉलरचे. मग मुद्दल परत घेणेच शहाणपणाचे.

मार्च २०१९ मध्ये मुदत संपताना भाव रूपांतराच्या किमतीखालीच होता. टेस्लाला ९२ कोटी डॉलर रोख मोजावे लागले.