कुलूप तुटलं, आता फिर्याद

सुट्टीवरून परतलेल्या माणसाला दाराचा कोयंडा उचकटलेला दिसला, की तो आधी आत धावतो. कपाट उघडतो, डबे चाचपतो, विस्कटलेल्या साड्या उचलतो. ठसेतज्ज्ञ यायच्या आत कपाटाच्या दारावर घरच्यांचेच ठसे उमटलेले असतात. खरं तर दारातूनच मागं फिरून 112 ला फोन करावा. चोर अजून आत असण्याचीही शक्यता असते.

पोलिसांना द्यायची फिर्याद हे त्यानंतरचं काम. एक उदाहरण घेऊ. साताऱ्यातलं एक कुटुंब 12 मेला सकाळी साडेसहाला घराला कुलूप लावून कोकणात गेलं आणि 17 मेच्या रात्री नऊला परतलं. चोरी कधी झाली? त्यांना माहीत नाही. अशा वेळी रागाच्या भरात ‘काल रात्री चोरी झाली’ असं लिहिलं जातं. ते लिहू नये. ‘दि. 12 मे रोजी सकाळी साडेसहा ते दि. 17 मे रोजी रात्री नऊ वाजण्याच्या दरम्यान अज्ञात चोरट्याने’ असं लिहावं. पोलिसी वाटणारी ही भाषा इथे अगदी योग्य आहे, कारण फिर्याद देणाऱ्याला ठाऊक आहे तेवढंच ती सांगते.

मात्र हा काळ कमी करता आला तर जरूर करावा. शेजारच्या काकू 15 मेला संध्याकाळी सहाला झाडांना पाणी घालायला आल्या होत्या आणि तेव्हा कुलूप जागेवर होतं, हे फिर्यादीत आलं की साडेपाच दिवसांचे जेमतेम दोन दिवस उरतात. समोरच्या दुकानाचा कॅमेरा तपासणाऱ्या हवालदाराला हा फरक फार मोठा असतो. कॅमेऱ्यातलं चित्रणही काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे कॅमेरा कुठे आहे तेही लिहावं.

वेळेला कायद्यातही महत्त्व आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी केलेल्या घरफोडीला कलम 331 नुसार दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तीच सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी केली तर चौदा वर्षांपर्यंत. पण दिवसाची की रात्रीची, हे ठरवणं तपासाचं काम आहे. कलमंही पोलिसांनीच लावायची असतात, घरमालकाने अर्जात लिहायची गरज नसते.

खरी मेहनत घ्यावी ती मुद्देमालाच्या यादीवर. ‘सोन्याचे दागिने, किंमत अंदाजे चार लाख’ या ओळीचा तपासाला काही उपयोग नाही. ‘दोन वाट्यांचं, काळ्या मण्यांचं मंगळसूत्र, वजन 18 ग्रॅम, डाव्या वाटीला चीर’ या ओळीचा आहे. चोरलेलं सोनं पुष्कळदा वितळवलं जातं आणि पोलिसांच्या हाती लगड लागते. मग कलाकुसर ओळखायला काही उरत नाही, मिळालेलं सोनं कुणाचं किती हे पाहताना वजनाचाच आधार असतो. सराफाची पावती आणि लग्नातला दागिना घातलेला फोटो सोबत जोडावा. नुकसानभरपाईच्या आशेने यादी फुगवणारे महाभागही असतात. पुढे उलटतपासणीत तीच यादी त्यांच्या अंगावर येते.

एखादी वस्तू नंतर आठवली तर घाबरायचं कारण नाही, पुरवणी जबाब देता येतो. कामवाल्या बाईंचं नाव मात्र केवळ सवयीने संशयित म्हणून लिहू नये. चावी कोणाकोणाकडे होती, ही वस्तुस्थिती लिहावी. संशयाला कारण असेल तर ते कारणही लिहावं.

घरफोडी हा दखलपात्र गुन्हा आहे. साध्या कागदावर अर्ज घेऊन पोच दिली म्हणजे गुन्हा नोंदला गेला असं होत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार एफआयआर नोंदवून तिची प्रत फिर्याद देणाऱ्याला मोफत द्यावी लागते. हद्द दुसऱ्या ठाण्याची आहे, या कारणावरूनही नोंद टाळता येत नाही. ठाणे अंमलदार ऐकत नसेल तर तीच हकीकत पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवता येते आणि तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. सही करण्यापूर्वी नोंद वाचून घ्यावी. वजनाचा एखादा आकडा टंकताना सहज बदलतो.

तपासात चोर सापडलाच नाही तर महाराष्ट्रात ‘अ समरी’ अहवाल जातो. गुन्हा खरा घडला, पण आरोपी मिळाला नाही, असा त्याचा अर्थ. घराचा विमा असेल तर विमा कंपनी असा अहवाल मागू शकते. माल मिळाला, तर खटला संपेपर्यंत वाट न पाहता न्यायालयात अर्ज करून तो ताब्यात मागता येतो. त्या वेळी अर्जातलं वर्णन आणि फिर्यादीतलं वर्णन शेजारी ठेवून पाहिलं जातं.