तीन हजारांत एक: मतचाचणीतल्या ‘भारां’ची कहाणी

२०१६ सालच्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बहुतेक देशव्यापी मतचाचण्या हिलरी क्लिंटन पुढे असल्याचं सांगत होत्या. एक चाचणी मात्र आठवडेच्या आठवडे डोनाल्ड ट्रम्प यांना आघाडी किंवा बरोबरी देत होती. ती होती सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि लॉस एंजेलिस टाइम्स यांची. ती साधारण तीन हजार लोकांच्या एका ठरावीक गटाला दर आठवड्याला तेच प्रश्न विचारायची आणि मागच्या सात दिवसांत आलेल्या उत्तरांवरून रोज नवा आकडा काढायची. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे नेट कोन यांनी या चाचणीची कच्ची माहिती उघडून पाहिली. तेव्हा त्यांना इलिनॉय राज्यातला एक १९ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण सापडला. तो ट्रम्पसमर्थक होता, आणि चाचणीत त्याचं मत सरासरी माणसाच्या मताच्या तीसपटीपर्यंत मोजलं जात होतं.

त्या एकट्यामुळे कृष्णवर्णीय मतदारांमधला ट्रम्प यांचा पाठिंबा दोन आकडी टक्क्यांवर जाऊ शकत होता. देशव्यापी निकालातलं अंतरही सुमारे एका टक्क्यानं सरकत होतं. एखाद्या आठवड्यात त्यानं उत्तर दिलं नाही, तर आकडे क्लिंटन यांच्याकडे झुकायचे.

यात कुणी लबाडी केलेली नव्हती. ज्या पद्धतीनं हे घडलं ती जगभरातल्या सर्वेक्षणांत रोज वापरली जाते. तिला ‘रेकिंग’ म्हणतात. कशी चालते ते कळलं, तर तीसपट मत कुठून आलं तेही उलगडतं.

सर्वेक्षणाला उत्तर देणारे लोक कधीच देशाची हुबेहूब प्रतिकृती नसतात. शिकलेले लोक जास्त उत्तरं देतात, तरुण कमी देतात. म्हणून नंतर प्रत्येक उत्तराला एक भार दिला जातो. जो गट नमुन्यात कमी पडला त्याच्या माणसांचा भार एकापेक्षा जास्त, जो जास्त आला त्यांचा कमी. एकाच बाबतीत, समजा फक्त स्त्री-पुरुष प्रमाणात, दुरुस्ती करायची असेल तर एका भागाकारात काम होतं. अडचण येते ती एकाच वेळी लिंग, वय, शिक्षण, वंश, प्रदेश असं सगळंच जुळवायचं असतं तेव्हा. जनगणनेतून प्रत्येकाची स्वतंत्र बेरीज मिळते. पण ‘पदवी नसलेल्या, तिशीतल्या, अमुक प्रदेशातल्या स्त्रिया किती’ अशी सगळी एकत्र विभागणी बहुधा विश्वासार्ह स्वरूपात हाती नसते. असली तरी नमुन्यात अशा एकेका कप्प्यात दोन-तीनच माणसं उरतात.

याची वाट दाखवली ती अमेरिकेच्या जनगणनेनं. १९४०च्या जनगणनेत पहिल्यांदाच काही जादा प्रश्न सर्वांना न विचारता फक्त पाच टक्के लोकांना विचारले गेले. आता नमुन्यातून आलेले तक्ते पूर्ण मोजणीच्या बेरजांशी जुळायला हवे होते. जनगणना विभागात काम करणारे डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग, म्हणजे पुढे जपानच्या कारखान्यांना गुणवत्तेचे धडे देणारे तेच डेमिंग, आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक स्टीफन यांनी त्याच वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी सुचवलं की सगळ्या बेरजा एकदम जुळवायला जाऊ नये. आधी एक जुळवावी, मग दुसरी. दुसरी जुळवताना पहिली थोडी बिघडते, म्हणून ती पुन्हा जुळवावी. असं आकडे हलायचे थांबेपर्यंत करत राहायचं. टेलिफोनच्या वाहतुकीचा हिशेब करताना क्राउथॉफ नावाच्या अभियंत्यानं १९३७मध्येच हीच युक्ती वापरली होती.

समजावण्यासाठी एक काल्पनिक पाहणी घेऊ. उत्तरं हजार आली. त्यात पदवीधर पुरुष ४००, बिगरपदवीधर पुरुष २००, पदवीधर स्त्रिया २५० आणि बिगरपदवीधर स्त्रिया १५०. म्हणजे पुरुष ६०० नि स्त्रिया ४००, पदवीधर ६५० नि बाकीचे ३५०. प्रत्यक्ष लोकसंख्येत मात्र स्त्री-पुरुष निम्मे निम्मे आहेत आणि हजारात पदवीधर ३५०च आहेत असं धरू.

पहिल्या फेरीत फक्त स्त्री-पुरुष पाहायचे. ६०० पुरुषांचे ५०० करायचे म्हणून पुरुषांच्या दोन्ही आकड्यांना ५००/६०० नं गुणलं, स्त्रियांच्या आकड्यांना ५००/४०० नं. आता निम्मे निम्मे झाले, पण पदवीधर अजून सुमारे ६४६ आहेत. मग शिक्षणाकडे वळायचं. पदवीधरांना ३५०/६४६ नं आणि बाकीच्यांना ६५०/३५४ नं गुणलं की शिक्षण जुळतं, पण पुरुष ४८६.५ आणि स्त्रिया ५१३.५ होतात. सुरुवातीला शंभराची असलेली चूक आता साडेतेरावर आली. पुन्हा स्त्री-पुरुष जुळवले की पदवीधर ३५०.६ होतात. आणखी एक फेरी घेतली की राहिलेला फरक दशांशात विरून जातो. शेवटी पदवीधर पुरुषाचा भार साधारण ०.४६ आणि बिगरपदवीधर स्त्रीचा २.२४ येतो.

या हिशेबात बेरजा बदलल्या, पण तक्त्याच्या आतली एक गोष्ट मुळीच बदलली नाही. सुरुवातीला पदवीधर-बिगरपदवीधर हे गुणोत्तर पुरुषांमध्ये २ (४०० भागिले २००) होतं, स्त्रियांमध्ये १.६७. पहिलं दुसऱ्याच्या १.२ पट. शेवटीही ते १.२ पटच राहतं. रेकिंगमध्ये ओळी आणि रकाने फक्त गुणले जात असल्यामुळे आतलं नातं नमुन्यात जसं आलं तसंच टिकतं. बाहेरच्या बेरजा जनगणनेच्या, आतली विभागणी मात्र नमुन्याचीच. नमुन्यात एखादा कप्पा रिकामा असेल तर शून्याला कितीही गुणलं तरी तो शून्यच राहतो. असे रिकामे कप्पे नको त्या जागी पडले तर फेऱ्या संपतच नाहीत, आकडे मागेपुढे होत राहतात. संगणकावर ही खूण लगेच दिसते.

यामुळेच माणसाचा शेवटचा भार हा त्याच्या प्रत्येक गटाच्या गुणकांचा गुणाकार असतो. तरुण म्हणून दुप्पट, कमी शिकलेला म्हणून दीडपट, अमुक वंशाचा म्हणून पुन्हा दीडपट, असं करत आकडा चढत जातो. इलिनॉयच्या तरुणाचं नेमकं हेच झालं. बहुतेक चाचण्या वयाचे मोठे गट धरतात, जसं की १८ ते २९. या चाचणीनं फार बारीक गट केले होते. त्यातला एक फक्त १८ ते २१ वयाच्या पुरुषांचा. त्यात पंधरा-एक जणच होते, आणि त्यांना प्रौढ नागरिकांपैकी तीन टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांची जागा भरायची होती. म्हणजे त्या गटातल्या प्रत्येकाला सरासरी सुमारे सहापट भार मिळाला. त्यात कृष्णवर्णीयांचा भारही वाढत होता. ज्याच्याकडे दोन्ही, त्याचा भार तीसच्या घरात पोहोचला.

इथे चाचणी करणाऱ्यांच्या बाजूनं एक गोष्ट म्हणायलाच हवी. त्यांनी आपली कच्ची माहिती आणि भार जाहीर ठेवले होते, म्हणूनच हा तरुण सापडला. बहुतेक चाचण्या एवढी पारदर्शकता दाखवत नाहीत. कोन यांनी त्याच उत्तरांवर इतरांसारखे मोठे गट धरून पुन्हा हिशेब केला, तर क्लिंटन जवळजवळ सतत पुढे दिसत होत्या.

मोठ्या भारांची किंमत आकड्यात काढता येते. लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञानं त्यासाठी एक साधं सूत्र दिलं. सगळ्या भारांच्या बेरजेचा वर्ग घ्यायचा आणि त्याला भारांच्या वर्गांच्या बेरजेनं भागायचं. जो आकडा येतो तो नमुन्याचा परिणामी आकार. वरच्या काल्पनिक पाहणीत तो सुमारे ६९५ येतो. म्हणजे भार लावल्यावर हजार माणसांची ती पाहणी अचूकतेच्या दृष्टीनं ६९५ माणसांच्या साध्या पाहणीइतकीच उरली. म्हणून अनेक संस्था भाराला कमाल मर्यादा घालतात, पाचच्या आसपास. तसं केलं की बेरजा किंचित चुकतात, पण एका माणसाच्या हाती सगळा निकाल जात नाही. हा सौदा बहुतेक वेळा करण्यासारखा असतो.

त्या चाचणीत आणखी एक खोड होती, आणि ती भारापेक्षा लबाड आहे. लोकांनी २०१२मध्ये कुणाला मत दिलं हे विचारून तेही प्रत्यक्ष निकालाशी, म्हणजे ओबामा ५१ आणि रॉम्नी ४७ टक्के याच्याशी जुळवलं होतं. पण माणसं जिंकलेल्याला मत दिल्याचं मागाहून जास्त सांगतात. नमुन्यात ‘ओबामांना मत दिलं’ म्हणणारे निकालापेक्षा जास्त येणं स्वाभाविक असतं. त्यांना जबरदस्तीनं खाली आणलं की डेमोक्रॅट मतदारांचंच पारडं हलकं होतं. लोकसंख्येची बेरीज एका मोजपट्टीनं आणि नमुन्याची दुसरीनं मोजली, तर रेकिंग त्या दोन्ही मुकाट्यानं जुळवून देतं. गणित अचूक येतं आणि निकाल वाकडा.

निवडणुकीत लोकमतांमध्ये क्लिंटन २.१ टक्क्यांनी पुढे राहिल्या आणि ट्रम्प राज्यांच्या निर्वाचक मतांवर जिंकले. या चाचणीनं शेवटी ट्रम्प यांना ३ टक्क्यांची आघाडी दिली होती. मात्र त्याच वर्षी राज्यांमधल्या अनेक चाचण्या उलट्या दिशेनं चुकल्या. त्यामागचं एक कारण रेकिंगमध्येच होतं. कित्येकांनी शिक्षण जुळवलंच नव्हतं. पदवीधर जास्त उत्तरं देतात, आणि त्या वर्षी पदवीधर क्लिंटन यांच्याकडे झुकले होते. अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेनं २०१७च्या अहवालात ही त्रुटी नोंदवली. २०१८मध्ये प्यू संशोधन केंद्रानं इंटरनेटवरच्या नमुन्यांवर रेकिंगची तुलना अधिक गुंतागुंतीच्या पद्धतींशी केली. पद्धत कुठलीही घेतली तरी फरक थोडाच पडत होता. काय काय जुळवायचं, या निवडीनं खूप फरक पडत होता.

मग चाचणीवाल्यांनी शिक्षण जुळवायला सुरुवात केली, आणि तरीही २०२०च्या देशव्यापी चाचण्यांची चूक चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी ठरली. रेकिंग एक गोष्ट गृहीत धरतं. उत्तर देणारा बिगरपदवीधर आणि फोन न उचलणारा बिगरपदवीधर मतांच्या बाबतीत सारखेच आहेत, हे ते गृहीतक. ट्रम्प यांचे काही मतदार चाचण्यांनाच टाळत असतील, तर वय, शिक्षण, प्रदेश यांच्या कुठल्याच बेरजेत ती उणीव दिसत नाही. २०२४मध्ये अनेक संस्थांनी यावर उपाय म्हणून लोकांचं आठवणीतलं मागचं मतच पुन्हा जुळवायला घेतलं. न्यूयॉर्क टाइम्स आणि सिएना यांच्या चाचणीनं मात्र ते घेतलं नाही. जिंकणाऱ्याच्या बाजूनं झुकणाऱ्या आठवणीवर भार टाकायचा की न बोलणारा मतदार सोडून द्यायचा, यावर चाचणीवाल्यांचं अजून एकमत झालेलं नाही.