सुईने डोके थांबले, पण घरी जायचे का?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या वस्तीतील पंचेचाळीस वर्षांच्या एक बाई सकाळी साडेसहाला नळावर हंडा भरत होत्या. हंडा उचलताना एकदम डोक्यात घण बसावा तसे झाले. हंडा टाकून त्या तिथेच खाली बसल्या. "मायबाई, डोकं फुटून राह्यलं" एवढेच त्या म्हणाल्या. घरच्यांनी जवळच्या दवाखान्यात नेले. तिथे कमरेत एक सुई मिळाली आणि पाऊण तासात दुखणे निम्म्याने कमी झाले. सगळे निर्धास्त होऊन घरी परतले. साडेनऊला बाईंना दोन उलट्या झाल्या, मान आखडली आणि उजेड सोसवेना. तेव्हा मुलगा माझ्याकडे धावत आला. आम्ही १०८ ला फोन केला आणि साडेदहाला जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या दवाखान्यात पोचलो.

मी कारकुनी करणारा माणूस आहे, डॉक्टर नव्हे. परंतु वस्तीतील आजारी माणसांबरोबर दवाखान्यात बसण्याची माझी बरीच वर्षांची सवय आहे. त्या दिवशी अपघात विभागात जे पाहिले आणि डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आपल्या घराघरांतील माणसांना माहीत असावे म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न घड्याळाचा

अपघात विभागात शिरताच परिचारिकेने नाडी, रक्तदाब, ताप, श्वास आणि बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू पाहिला. बोट टोचून साखरही तपासली, कारण साखर फार उतरली तरी माणूस गुंगतो आणि डोके दुखते. रक्तदाब १७० वर १०० होता. मुलगा घाबरून म्हणाला, "बीपीची गोळी द्या ना लवकर." डॉक्टरांनी समजावले की जोराच्या वेदनेने रक्तदाब आपोआप वाढतो, तो एकदम खाली आणला तर मेंदूला रक्त कमी पडू शकते. आधी कारण शोधायचे, मग रक्तदाब बेताने उतरवायचा.

नंतर डॉक्टरांनी विचारले, "बाई, दुखणं सुरू झालं तेव्हा हातात काय होतं?" मला हा प्रश्न विचित्र वाटला. पण त्यातच सगळे मर्म होते. बाईंना हंडा आठवत होता, नळ आठवत होता, शेजारी कोण उभी होती तेही आठवत होते. म्हणजे दुखणे हळूहळू चढले नव्हते, एका क्षणात कळसाला पोचले होते. साधी डोकेदुखी, किंवा ज्याला आपण अर्धशिशी म्हणतो ती, बहुधा अर्ध्या तासात, तासाभरात वाढत जाते. मिनिटभरात शिगेला जाणारे दुखणे मेंदूभोवतीची रक्तवाहिनी फुटल्याचे लक्षण असू शकते. अशा प्रत्येकाला रक्तस्राव झालेला असतोच असे नाही. पण तो नाही याची खात्री केल्याशिवाय डॉक्टर घरी सोडत नाहीत.

त्यानंतरची तपासणी पाच-दहा मिनिटांची. बॅटरीने डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगितले, एखादा हात खाली घसरतो का हे पाहण्यासाठी. दात दाखवायला सांगितले, तोंड वाकडे होते का म्हणून. निजवून हनुवटी छातीला लावून पाहिली, मान लाकडासारखी ताठ होती. ताठ मानेसोबत ताप असता तर मेंदूज्वराचा संशय घेतला असता आणि पुढच्या तपासण्यांची वाट न पाहता शिरेतून प्रतिजैविक सुरू केले असते. बाईंना ताप नव्हता.

सीटी स्कॅन आणि सहा तास

डॉक्टरांनी ताबडतोब डोक्याचा सीटी स्कॅन सांगितला. या तपासणीला लोक उगीच भितात. कानातले, केसांच्या पिना आणि गळ्यातले काढून ठेवायचे, सपाट फळीवर उताणे निजायचे आणि डोके हलवायचे नाही. मोठ्या कड्यासारख्या यंत्रातून डोके आत जाते. पाच-दहा मिनिटांत काम होते, दुखत काहीच नाही. स्त्री गरोदर असेल तर आधी सांगावे, म्हणजे पोटाला संरक्षण देतात. पण गरज असेल तर तपासणी टाळत नाहीत.

इथे घड्याळाचे महत्त्व कळते. दुखणे सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत चांगल्या यंत्रावर स्कॅन झाला आणि जाणकाराने पाहिला, तर असा रक्तस्राव जवळजवळ कधीच निसटत नाही. पुढे रक्त विरत जाते आणि दिवसागणिक स्कॅनमध्ये दिसेनासे होते. आमच्या बाईंचा स्कॅन सव्वाअकराला, म्हणजे पावणेपाच तासांत झाला. मेंदूच्या तळाशी जिथे काळे दिसायला हवे, तिथे पांढरे रक्त पसरलेले स्पष्ट दिसले.

समजा सहा तास उलटून गेले आणि स्कॅन निर्दोष आला, तर? अशा वेळी डॉक्टर पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासण्याचा सल्ला देतात. "मणक्यात सुई गेली की माणूस लुळा पडतो" ही भीती आपल्याकडे घट्ट बसली आहे. परंतु ही सुई कमरेच्या खालच्या भागात टोचतात आणि मोठ्या माणसाचा मज्जारज्जू त्याच्या बराच वर संपलेला असतो. रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवतात, जागा बधिर करतात आणि लहान नळ्यांमध्ये थोडे पाणी घेतात. जुन्या रक्ताने पाण्याला पिवळसर झाक आली आहे का, हे त्यातून कळते. ही झाक यायला सुमारे बारा तास लागतात, म्हणून कधी कधी मुद्दाम थांबवून ठेवतात. त्याला दिरंगाई समजू नये. या तपासणीनंतर काहींचे डोके काही दिवस उठून बसल्यावर दुखते आणि निजल्यावर थांबते, एवढा त्रास होऊ शकतो.

सुया कोणत्या देतात?

शेजारच्या खाटेवर एक अठ्ठावीस वर्षांची मुलगी होती. तिचे डोके शाळेत असल्यापासून महिन्यातून एकदोनदा अर्ध्या बाजूने ठणकत असे. या वेळी उलट्यांमुळे गोळी पोटात टिकेना म्हणून भाऊ घेऊन आला होता. तिला सलाईन लावले. वेदनेसाठी पॅरासिटामॉलची एक ग्रॅमची बाटली पंधरा मिनिटांत शिरेतून दिली. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड दहा मिलिग्रॅम सावकाश दिले. हे औषध उलटी थांबवते आणि अर्धशिशीचे दुखणेही कमी करते. अंधाऱ्या कोपऱ्यात ती तासभर झोपली आणि उठली तेव्हा बरी होती. तिचा भाऊ मात्र रागावला, "त्या बाईचा फोटो काढला, आमचा का नाही?" डॉक्टर म्हणाले, "दादा, अर्धशिशी फोटोत दिसत नाही. दुखणं नेहमीसारखंच आहे, हळूहळू चढलं, तपासणीत काही बिघाड नाही. उगाच किरणं कशाला घ्यायची?" हे उत्तर मला पटले.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिली जाणारी सुई डायक्लोफेनॅकची, पंचाहत्तर मिलिग्रॅम, कमरेत. ती वेदना चांगली थांबवते, पण मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. आपल्या जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदच्या बाजूला, मूत्रपिंडाचे आजार पुष्कळ घरांत आहेत. म्हणून सुई घेण्यापूर्वी चार गोष्टी न विचारता सांगाव्यात: मूत्रपिंडाचा आजार, पोटातील व्रण, दमा किंवा वेदनेच्या गोळीने अंगावर आलेले पित्त, आणि गरोदरपण. डोक्यात रक्तस्रावाचा संशय असेल तर ही सुई टाळतात.

मेटोक्लोप्रमाइडने काहींना, विशेषतः तरुण मुलामुलींना, वेगळाच त्रास होतो. माणूस अस्वस्थ होऊन उठबस करतो, क्वचित मान वाकडी होते, जबडा आवळतो, डोळे वर फिरतात. घरची माणसे म्हणतात, "अंगात आलं." ही बाधा नाही, औषधाचा परिणाम आहे. ताबडतोब परिचारिकेला सांगावे. प्रोमेथाझिनसारखी उलट परिणामाची सुई दिली की बहुधा थोड्याच वेळात हे उतरते. घरी आल्यावर झाले तर देवऋष्याकडे नव्हे, परत दवाखान्यातच न्यावे.

आता मूळ प्रश्न. आमच्या बाईंचे दुखणेही सकाळच्या सुईने कमी झालेच होते! सुई वेदना थांबवते. वेदना रक्तस्रावाची की अर्धशिशीची, हे तिला कळत नाही. त्या मुलीला घरी सोडले ते केवळ दुखणे थांबले म्हणून नव्हे, तर तिच्या दुखण्याची हकीगत आणि तपासणी दोन्ही निर्धोक होत्या म्हणून. एकदम आलेल्या दुखण्यात "आता बरं वाटते" या वाक्यावर घरी परतू नये. एकदा फुटलेली वाहिनी पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असतो.

पुढे काय झाले

बाईंना मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात रुग्णवाहिकेने पाठवले. तिथे शिरेतून रंगद्रव्य देऊन रक्तवाहिन्यांचा स्कॅन केला. एका वाहिनीवर आलेला लहान फुगवटा फुटलेला दिसला. शस्त्रक्रियेने त्याच्या देठाला चाप लावून तो बंद केला. उरलेल्या वाहिन्या आकसू नयेत म्हणून निमोडिपिनच्या गोळ्या दर चार तासांनी, रात्रीसुद्धा उठवून, एकवीस दिवस दिल्या. आज बाई घरात हिंडतात-फिरतात, फक्त लवकर थकतात. सगळ्यांच्याच नशिबी एवढे येत नाही.

खर्चाच्या भीतीने कोणी घरी थांबू नये. १०८ ची गाडी विनामूल्य आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या व उपचार निःशुल्क केले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्याकडे असतात. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दवाखान्यातील आरोग्यमित्राकडे करावी. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवावे. कागद नाहीत म्हणून निघायला उशीर मात्र करू नये, ते मागाहून आणता येतात.

डोके एकदम, आयुष्यात कधी नव्हे इतके दुखले, किंवा डोकेदुखीबरोबर ताप व ताठ मान, फेफरे, बोलण्यात अडखळ, एका हातापायात कमजोरी, बेशुद्धी असे काही दिसले, तर आधी घड्याळ पाहावे आणि वेळ कागदावर लिहून घ्यावी. आधी मिळालेल्या सुईचे नावही त्याच कागदावर लिहून घ्यावे. त्या दिवशी मुलाच्या खिशातील चिठ्ठीवर "साडेसहा, नळावर" एवढेच लिहिलेले होते. डॉक्टरांनी सर्वांत आधी तीच वाचली.